निकाल छापू नका, सल्ला घेतला का ते विचारा: वधू-वर मंडळांना खुले पत्र

प्रति,
वधू-वर सूचक मंडळांचे चालक आणि परिचय मेळाव्यांचे संयोजक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या परिचय पुस्तिका माझ्या टेबलावर नेहमी येतात. सल्ल्याला आलेली माणसं पिशवीतून कागद काढताना रिपोर्टांसोबत पुस्तिकाही काढतात आणि त्यातल्या एखाद्या स्थळावर बोट ठेवून विचारतात, "हे चालेल का?" मी ज्योतिषी नाही. एका रुग्णालयात जनुकीय समुपदेशक म्हणून काम करते. घरात आनुवंशिक आजार असलेली किंवा नात्यात लग्न ठरलेली जोडपी माझ्याकडे येतात.

अलीकडे काही पुस्तिकांत नवा रकाना दिसू लागला आहे. रास, नाडी, देवक, मामाचं कूळ, रक्तगट यांच्या ओळीत आता 'थॅलेसेमिया तपासणी: निकाल'. थॅलेसेमिया हा आई-बापांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार, त्यामुळे हेतू चांगला आहे, पण रकाना आहे तसा राहिला तर त्याचा फायदा थोडा आणि त्रास फार. आणि ज्या लग्नांत खरंच विचारायला हवं, ती लग्नं या रकान्यातून सहज निसटतात. म्हणून हे पत्र.

आधी रक्तगटाचं उरकते. 'दोघांचा रक्तगट एकच, मग मुलं अपंग होतील' या भीतीनं मोडलेली स्थळं मी पाहिली आहेत. या भीतीला काहीही आधार नाही. दोघंही बी पॉझिटिव्ह असले तर मुलाला त्यामुळे काही होत नाही. बहुधा 'एकनाड' या जुन्या भीतीला कुणीतरी रक्तगटाचा कोट चढवला असावा. लक्ष द्यायची गोष्ट एकच आहे: बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह. त्यावर गरोदरपणात अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत दुसरं, असा साधा उपाय आहे. त्यासाठी स्थळ नाकारायची गरज नाही.

आता गोत्राकडे. सगोत्र विवाह टाळला की रक्ताचं नातं टळलं, असं आपण धरून चालतो. पण गोत्र चालतं बापाकडून. दहा पिढ्यांपूर्वी वेगळ्या झालेल्या सगोत्र घरातल्या मुला-मुलीत आज सामाईक म्हणावं असं जवळपास काही उरलेलं नसतं. उलट मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं, देवक वेगळं, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. आणि सख्ख्या मामाच्या मुलीशी आपली आठव्या हिश्शाइतकी जनुकं सामाईक असतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे मामाची मुलगी हक्काची मानतात. पलीकडे कर्नाटकात तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार चारातल्या एकाहून जास्त लग्नं रक्ताच्या नात्यातली आहेत, आणि सख्ख्या मामा-भाचीची लग्नंही त्यात येतात. तिथे सामाईक हिस्सा आठवा नव्हे, चौथा असतो.

नात्यातलं लग्न मोडा, असं सांगायला मी बसलेली नाही. हिंदू विवाह कायदा 1955 सालचा आहे, तोही जिथे तशी रूढी आहे तिथे अशा लग्नांना वाट ठेवतो. माझं काम धोका किती ते सांगण्याचं. तो सांगण्यासाठी एक प्रकरण इथे उलगडते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सत्तावीस वर्षांचा, मुलगी त्याच्या सख्ख्या मामाची. सुपारी फुटायची होती. दोघं आले ते मुलीच्या हट्टानं. तिनं कुठेतरी वाचलं होतं. सोबत मुलाची आई आणि आजी. मी कागदावर वंशावळ काढायला घेतली. पुरुष चौकोन, बाई गोल, रक्ताच्या नात्यात लग्न असेल तर दोन रेघांनी जोडायचं. तीन पिढ्या उतरवायला पाऊण तास लागतो, आणि याच पाऊण तासात अर्धं काम होतं.

"घरात काही आजार?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: काही नाही. म्हणून मी तसं विचारत नाही. मी विचारते, कुणाचं मूल लहानपणी गेलं का? दिवस राहून पडले का? जन्मापासून ऐकू न येणारं, उशिरा चालायला लागलेलं, शाळेत न गेलेलं कुणी आहे का? कुणी दत्तक गेलंय का? मामा म्हणता तो सख्खा की चुलत? आपल्याकडे चुलतभावाला भाऊच म्हणतात आणि आईच्या चुलतभावाला मामा, पण हिशेबात त्यानं चौपट फरक पडतो. दत्तक गेलेल्याचं आडनाव बदलतं, रक्त बदलत नाही. हे सगळं ठाऊक असतं ते आज्यांना. त्या दिवशीही आजीच म्हणाल्या, "हिला एक पोरगी झाली होती की. दहा महिन्यांची असताना गेली."

दवाखान्याच्या जुन्या कागदावर कारण लिहिलं होतं न्यूमोनिया. मी आईला विचारलं, बाळ कसं होतं? त्या म्हणाल्या, "मान कधी धरलीच नाही. पाय फाकून पडून राहायची, उचलायची नाही. रडणं पण बारीक. पण हुशार होती हो. डोळ्यांनी सगळ्यांना ओळखायची, हसायची." अंगात ताकद नाही, चेहरा मात्र जागा आणि लख्ख, आणि शेवटी छातीत कफ साठून मृत्यू. हे वर्णन ऐकून एका आजाराची शंका आली: स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. काही वर्षांपूर्वी सोळा कोटींच्या इंजेक्शनासाठी आपल्याकडे वर्गण्या निघाल्या, तोच आजार. पण शंका म्हणजे निदान नव्हे, आणि बाळाचा रक्ताचा थेंबही कुठे जपून ठेवलेला नव्हता.

अशा वेळी आधी कुणाचं रक्त तपासायचं? सगळ्यांना वाटतं लग्नाच्या जोडीचं. तसं केलं असतं आणि मुलाचा रिपोर्ट स्वच्छ आला असता, तर त्याला दोन अर्थ निघाले असते. एक, मुलगा वाहक नाही. दोन, बहिणीला मुळात हा आजार नव्हता, दुसराच काही होता आणि तो आपण तपासलाच नाही. दोन्हीतला कुठला, ते कळायला मार्ग राहिला नसता. म्हणून आधी मुलाच्या आई-वडिलांचं रक्त घेतलं. हा आजार मुलात यायला बहुतेक वेळा आई आणि बाप दोघंही वाहक असावे लागतात. वाहक म्हणजे ज्याच्याकडे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली किंवा गायब आहे, पण दुसरी चांगली असल्यानं त्याला स्वतःला काही त्रास नाही. एसएमएन-1 नावाच्या जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी असते. आई-वडील दोघांतही एकच प्रत निघाली. पन्नासात एक माणूस या आजाराचा वाहक धरला, तर एखाद्या जोडप्यात दोघंही योगायोगानं वाहक असण्याची शक्यता अडीच हजारांत एक. त्यात आईनं सांगितलेली लक्षणं. बाळ कशानं गेलं ते वीस वर्षांनी कळलं.

आता हिशेब. मुलगा धडधाकट आहे, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या, ही शक्यता बाद. उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोनांत तो वाहक, म्हणून दोन तृतीयांश. आई वाहक नक्की, म्हणून तिचा सख्खा भाऊ, म्हणजे मामा, वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि मामाच्या मुलीची त्याच्या निम्मी, म्हणजे एक चतुर्थांश. दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला धोका चारात एक. तिन्हींचा गुणाकार केला की चोविसात एक. हाच मुलगा बाहेरची, नात्यात नसलेली मुलगी करून आणतो तर तिची वाहक असण्याची शक्यता पन्नासात एक, आणि गुणाकार येतो तीनशेत एक. बारा पटींहून जास्त फरक, पण दुसऱ्या बाजूलाही शून्य नाही, हे लक्षात घ्या.

चोविसात एक हा आकडा तपासणीच्या आधीचा. तपासणीनंतर तो टिकत नाही. एकतर जवळपास शून्यावर येतो नाहीतर चारात एकावर जातो. मुलाची एकच प्रत निघाली. मुलीच्या दोन निघाल्या असत्या तर मी त्यांना पेढे द्यायला या म्हटलं असतं. तरी 'शून्य' हा शब्द वापरला नसता, कारण काही थोड्या वाहकांच्या एका गुणसूत्रावर दोन प्रती आणि दुसऱ्यावर एकही नाही, अशी मांडणी असते. मोजली की दोन भरतात आणि माणूस निर्दोष वाटतो. पण ती वेळ आली नाही. मुलीचीही एकच निघाली.

दोघं परत आले तेव्हा खोलीत आणखी चार माणसं होती. मामांनी एकच विचारलं, "म्हणजे दोष आमच्या घराण्यात?" मी त्यांना वंशावळीतली दुसरी बाजू दाखवली. बाळाला एक बिघडलेली प्रत जावयांच्या घराण्यातून आली होती. दोष कुणाच्याही घराण्यात नसतो. आपल्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या आजाराचा वाहक असतोच. फक्त जोडीदार त्याच आजाराचा वाहक निघेपर्यंत कळत नाही. नात्यात लग्न केलं की तसा निघण्याची शक्यता वाढते, एवढंच.

मग चारात एक म्हणजे काय, यावर बराच वेळ गेला. चार मुलांपैकी एक आजारी होणार, असा त्याचा अर्थ नाही. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असंही नाही. प्रत्येक गरोदरपणात हिशेब पहिल्यापासून: चारातल्या तीन शक्यता आजार नसण्याच्या, एक असण्याची. मुलगा-मुलगी असा भेद यात नाही.

मुलीनं विचारलं, "लग्न केलं तर आमच्या हातात काय?" त्यांच्यापुढे कोणते रस्ते होते ते सांगते. पहिला, हे लग्न न करता दोघांनी वेगवेगळ्या घरी संसार करायचा, आणि तिथेही जोडीदाराची ही एक चाचणी करून घ्यायची. दुसरा, लग्न करून गरोदरपणात बाळाची तपासणी. तिसरा, टेस्ट ट्यूब पद्धतीनं गर्भ शरीराबाहेर तयार करून, तपासून, आजार नसलेला गर्भ आत सोडायचा. याला लाखांच्या घरात खर्च येतो, एका खेपेत दिवस राहतीलच असं नाही, आणि राहिले तरी बाळाची तपासणी करून खात्री करायची असते. चौथा, मूल दत्तक घेणं किंवा दात्याचं बीज. पाचवा, काहीच न तपासता मूल होऊ देणं, पण जन्मल्याबरोबर रक्त तपासून, असलाच आजार तर लक्षणं दिसण्यापूर्वी औषध सुरू करण्याची तयारी ठेवणं. एसएमएची नवी औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली लागू पडतात. मात्र ती भयंकर महाग आहेत, आणि सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणातली मदत पन्नास लाखांपर्यंतच जाते.

कुठला रस्ता घ्या, हे मी सांगत नाही. पुष्कळ घरांना हे आवडत नाही. "मॅडम, तुमची मुलगी असती तर?" असं हमखास विचारतात. माझी मुलगी असती तरी जन्मभर निभावायचं तिला असतं, म्हणून निर्णय तिचाच.

त्या दोघांनी लग्न केलं. दिवस राहिल्यावर आठव्या आठवड्यातच आली, हे फार बरं केलं. बाराव्या आठवड्यात सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून वारेचा बारीकसा तुकडा घेतला. वार आणि बाळ एकाच पेशीपासून वाढतात, म्हणून बाळाला हात न लावता बाळाची जनुकं वाचता येतात. या सुईमुळे गर्भ पडण्याचा धोका अनुभवी हातात शंभरात एकाहून कमी असतो, पण असतो, आणि तो आधी सांगून लेखी संमती घ्यावी लागते. प्रयोगशाळेत त्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हे वेगळं तपासतात; मिसळल्या तर रिपोर्ट आईचाच येऊ शकतो. ही तपासणी केली का, हे रिपोर्टवर लिहिलेलं असतं आणि मी ती ओळ सर्वांत आधी शोधते. दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला. बाळ आई-बापांसारखंच वाहक. म्हणजे त्याला आजार होणार नाही.

रिपोर्ट उलटा आला असता तर? तर निर्णयाला वेळ होता. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. पुढे अटी वाढत जातात, आणि चोवीस आठवड्यांनंतर गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. काही जोडपी तरीही गर्भ ठेवतात. आणि ही तपासणी बेकायदा आहे, असा गैरसमज खेड्यांत फार आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यानं लिंग सांगायला बंदी केली आहे. आनुवंशिक आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करायला त्याच कायद्यात जागा आहे, आणि घरात असा आजार असणं हे त्यातलं एक मान्य कारण आहे.

हे प्रकरण सुरळीत गेलं, कारण आई-वडील हयात होते आणि आजार असा होता की ज्याची चाचणी एका जनुकापुरती आहे. प्रत्येक वेळी असं होत नाही. पुष्कळदा जोडपं येतं तेव्हा एक मूल गेलेलं असतं, निदान झालेलं नसतं, आणि बायकोला दहावा आठवडा लागलेला असतो. मग नवरा-बायको दोघांची हजारो जनुकं एकदम वाचायची, दोघांत एकाच जनुकात बिघाड सापडतो का बघायचं, आणि सापडला तरी मूल त्यानंच गेलं असं छातीठोक सांगता येत नाही. घड्याळ तर चालूच असतं. हीच माणसं मूल आजारी असताना आली असती, त्याचं दोन-तीन मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊन डीएनए काढून ठेवला असता, तर पुढच्या वेळी नेमकं काय शोधायचं ते ठाऊक असतं. मूल वाचणार नाही हे कळल्यावर आई-बापांपुढे रक्ताची नळी धरायला डॉक्टरांचीही जीभ रेटत नाही. तरीही मी सांगेन, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर ही एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला.

घरात कुठलाच आजार माहीत नसताना मामेभावंडांचं लग्न ठरलं असेल तर? तेव्हा माझ्याकडे कमी सांगण्यासारखं असतं आणि ते लोकांना पटत नाही. कुठल्याही जोडप्याच्या मुलात जन्मतः काहीतरी मोठा दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. सख्ख्या मामे-आत्ये भावंडांत ती आणखी दोन-तीनांनी वाढते. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुलं ठणठणीत. लोक कुठून तरी निम्मी मुलं अपंग होतात असं ऐकून आलेले असतात. मात्र पिढ्यान् पिढ्या मामाचीच मुलगी करत आलेल्या घरात, जिथे आई-वडीलही मामे-आत्ये, आजी-आजोबाही मामे-आत्ये, तिथे हा वाढीव धोका जास्त धरावा लागतो. वंशावळीत दोन रेघांच्या जोड्या किती, ते मी म्हणूनच मोजते. अशा जोडप्याला थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी, परवडत असेल तर अनेक आजारांची एकत्र वाहक चाचणी, गरोदरपणात अठरा-वीस आठवड्यांची नीट सोनोग्राफी आणि बाळाची जन्मल्यावर ऐकण्याची चाचणी एवढं सुचवते. नात्यातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपण बरंच दिसतं आणि ते पहिल्या काही महिन्यांत हेरलं तर मूल बोलायला शिकतं. पण 'सगळं तपासून काही होणार नाही असं लिहून द्या' म्हटलं तर ते कुणालाच लिहून देता येणार नाही. अशी कुठलीच चाचणी नाही.

उलट्या बाजूचा घोटाळाही सांगते. मुलीच्या भावाला डुशेनचा स्नायूंचा आजार किंवा रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया आहे, म्हणून घरचे तिला लांबच्या, नात्याबाहेरच्या घरी देतात आणि निर्धास्त होतात. हे आजार आईकडून मुलाला जातात, बाप कुठल्या घराण्यातला याला महत्त्व नाही. आई वाहक असेल तर मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि ती वाहक निघाली तर तिच्या प्रत्येक मुलग्याला धोका निम्मा. इथे जोडीदार बदलून काही होत नाही. मुलीची तपासणी हाच मार्ग, आणि तीही आधी आजारी भावाचा नेमका बिघाड शोधून मग.

आता तुमच्या रकान्याकडे येते. थॅलेसेमियाची वाहक तपासणी चांगली आणि स्वस्त आहे. रक्ताच्या साध्या मोजणीत तांबड्या पेशी लहान दिसल्या की एचपीएलसी नावाच्या चाचणीत हिमोग्लोबिन ए-2 मोजतात. साडेतीन-चार टक्क्यांवर गेलं की माणूस वाहक. आपल्याकडे सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत वाहक जास्त आहेत. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात. पण अंगात लोह फारच कमी असेल तर ए-2 खाली दिसतं आणि वाहक 'नॉर्मल' म्हणून सुटतो. रकान्यात 'नॉर्मल' लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं. आणि वाहक मुलीच्या नावापुढे 'थॅलेसेमिया मायनर' असं छापलं की वाचणाऱ्याला आजार दिसतो. त्या मुलीला काहीही झालेलं नसतं. तिनं वाहक नसलेल्या कुठल्याही मुलाशी लग्न केलं तर मुलांना थॅलेसेमिया मेजर, म्हणजे खरा आजार, होत नाही. तरी पुस्तिकेतलं तिचं पान उलटलं जातं. मुलग्याच्या पानाला ही शिक्षा क्वचितच होते. पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीचे आई-वडील रकाना रिकामा सोडतात.

हे दुसरीकडे होऊन गेलं आहे. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाच्या गावात सिकलसेलसाठी जवळजवळ सगळ्या गावाची तपासणी झाली आणि वाहकांना तसं सांगण्यात आलं. काही वर्षांनी पाहिलं तर वाहक-वाहकांची लग्नं कमी झालेली नव्हती. वाहकांवर शिक्का बसला होता, म्हणून घरांनी निकाल लपवले होते. सायप्रसमध्ये वेगळं केलं. तिथे थॅलेसेमियाचे वाहक फार. चर्चनं 1983 पासून लग्नाआधी प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. पण त्या प्रमाणपत्रावर निकाल नसतो. दोघांची तपासणी झाली आणि त्यांना योग्य सल्ला मिळाला, एवढंच लिहिलेलं असतं. पाद्रीबाबांनाही आत काय निघालं ते कळत नाही. दोघंही वाहक निघालेल्या जोड्यांपैकी बहुतेकांनी लग्न केलंच, गरोदरपणी तपासणी करून घेतली, आणि थॅलेसेमियाचं बाळ जन्मणं तिथे जवळपास थांबलं.

तुमच्याकडून मला हेच हवं आहे. निकालाचा रकाना काढून टाका. नाव नोंदवताना घरच्यांच्या हातात एक कागद द्या. तो मंडळाकडे परत मागू नका, त्यांच्याच घरात राहू द्या. त्यावर माझे वंशावळीचे प्रश्न छापा: लहानपणी गेलेली मुलं, वारंवार पडलेले दिवस, जन्मजात बहिरेपण, मान न धरलेलं किंवा चालायचं थांबलेलं मूल, वारंवार रक्त द्यावं लागणारं कुणी, दत्तक, नात्यातली लग्नं. खाली लिहा की यातलं एकही 'हो' असेल, किंवा स्थळ नात्यातलं असेल, तर सुपारी फुटण्याआधी दोघांनी मिळून सल्ला घ्यावा. साखरपुडा झाल्यावर येणाऱ्यांच्या डोक्यावर हॉलचं बुकिंग, पत्रिका आणि भावकी बसलेली असते. तेव्हा चारात एक हा आकडा ऐकायची मनःस्थिती नसते. मंडळाला विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: दोघांनी सल्ला घेतला का? हो किंवा नाही.

आणि लग्न होऊन गेलेल्यांनाही हा कागद द्या. मेळाव्याला मुला-मुलींसोबत येणाऱ्या थोरल्या बहिणी-वहिनींत कुणाचं तरी एक मूल गेलेलं असतं आणि दुसऱ्याची घाई चाललेली असते. त्यांनी दिवस राहण्याआधी यावं. राहिले असतील तर सहाव्या-सातव्या आठवड्यात, तिसरा महिना सरण्याची वाट न बघता.

कुठे जायचं, असं तुम्हाला विचारतील. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था ही रक्तविकारांची संस्था आहे, तिथे थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाचं काम होतं. केईएम हे सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्रही आहे. मुंबई-पुण्याच्या काही मोठ्या रुग्णालयांत जनुकशास्त्राची ओपीडी चालते. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयातल्या बालरोग किंवा स्त्रीरोग विभागातून चिठ्ठी घेऊन पुढे जावं लागतं, आणि त्यात महिना सहज जातो. तो महिना सुपारीच्या आधी काढलेला बरा.

येताना आजारी माणसाचे असतील नसतील ते सगळे कागद आणा, जुने-पिवळे पडलेलेही. गेलेल्या मुलाचा फोटो किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ असेल तर तोही. आणि शक्य असेल तर आजीला घेऊन या.

आपली,
एक जनुकीय समुपदेशक